स्वेच्छानिवृत्ती योजना : रकमेचे गणित आणि कसबाची जपणूक

दिनांक ३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगम लिमिटेड या केंद्रीय उपक्रमातील सुमारे ७८,५०० कर्मचारी एकाच दिवशी सेवेतून निवृत्त झाले. मुंबई व दिल्ली या महानगरांची दूरध्वनीसेवा पाहणाऱ्या महानगर टेलिफोन निगममधील आणखी सुमारे १४,४०० कर्मचारीही त्याच दिवशी बाहेर पडले. यांपैकी कोणाचेही वय झालेले नव्हते आणि कोणालाही काढून टाकण्यात आले नव्हते. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१९ मध्ये मान्य केलेल्या स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली त्यांनी स्वतः अर्ज केले होते. अर्जाची मुदत ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर २०१९, म्हणजे जेमतेम एक महिन्याची होती. वयाची पन्नास वर्षे पूर्ण केलेले कर्मचारी पात्र होते. संचार निगमात असे एक लाखाहून थोडे अधिक होते आणि त्यांतील चारांपैकी तिघांनी योजना पत्करली. निगमाचा जवळजवळ निम्मा कर्मचारीवर्ग एका दिवसात कमी झाला.

इतका मोठा निर्णय घेण्याची वेळ का आली हे समजण्यासारखे आहे. संचार निगमाच्या उत्पन्नातील सुमारे पाऊणशे टक्के रक्कम वेतनावर खर्च होत होती आणि महानगर निगममध्ये हे प्रमाण त्याहूनही अधिक होते. तांब्याच्या तारांचे जाळे विस्तारण्याच्या काळात एका लाटेत भरती झालेली पिढी एकदमच पन्नाशीला पोहोचली होती, आणि दरम्यान दूरध्वनीचे तंत्र बदलले होते. ही स्थिती दूरसंचार खात्याचीच आहे असे नाही. नगरपरिषदांचे पाणीपुरवठा विभाग, वीज व परिवहन उपक्रम, सहकारी साखर कारखाने व सूतगिरण्या यांतही एका दशकात भरती झालेली माणसे एका दशकात वृद्ध होतात. अशा आस्थापनांत स्वेच्छानिवृत्तीचा विषय निघाला की पहिला प्रश्न विचारला जातो तो रकमेचा. किती माणसे जातील हाही प्रश्न विचारला जातो. परंतु कोणती माणसे जातील, हा प्रश्न बहुधा अर्जांचा गठ्ठा टेबलावर येईपर्यंत कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या प्रश्नाच्या अंगाने योजनेच्या रचनेचा विचार केला आहे.

नियमानुसार निवृत्ती आणि विशेष योजना

प्रारंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांच्या नियम ६६ प्रमाणे वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झालेल्या कर्मचाऱ्यास तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त होता येते. हा कर्मचाऱ्याला असलेला कायमचा मार्ग आहे. त्यात निवृत्तिवेतन व उपदान मिळते, पण लवकर जाण्याबद्दल वेगळी अशी रक्कम मिळत नाही.

स्वेच्छानिवृत्ती योजना ही याहून वेगळी गोष्ट होय. तिच्यात मालक संस्था स्वतः पुढाकार घेते, ठराविक मुदतीपुरते निमंत्रण देते आणि नियमित देण्यांव्यतिरिक्त एक सानुग्रह रक्कम देऊ करते. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, शिल्लक रजेचे पैसे ही कर्मचाऱ्याची स्वतःची मिळकत आहे. ती त्याला कधीही गेले तरी मिळणारच. योजनेची किंमत म्हणून मोजावयाची ती केवळ सानुग्रह रक्कम. कर्मचाऱ्यांच्या सभांतून या सर्व रकमांची एकत्र बेरीज करून मोठा आकडा सांगण्याची पद्धत आहे. ती पद्धत फसवी आहे, आणि ती वापरणाऱ्या अधिकाऱ्यांवरचा विश्वास पुढे उडतो.

रकमेची तीन सूत्रे

केंद्र शासनाच्या सार्वजनिक उपक्रम विभागाने ऑक्टोबर १९८८ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली त्यांत पहिले सूत्र होते. पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षाच्या सेवेबद्दल ४५ दिवसांचे वेतन, किंवा निवृत्तीच्या वेळचे मासिक वेतन गुणिले उर्वरित सेवेचे महिने, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती द्यावी, असे हे सूत्र सांगते. येथे वेतन म्हणजे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता. पुढे मे २००० मध्ये या विभागाने आर्थिक स्थिती चांगली असलेल्या उपक्रमांना ४५ ऐवजी ६० दिवसांपर्यंत जाण्याची मुभा दिली. तिसरे सूत्र गुजरात पद्धत म्हणून ओळखले जाते. झालेल्या प्रत्येक वर्षाबद्दल ३५ दिवसांचे आणि राहिलेल्या प्रत्येक वर्षाबद्दल २५ दिवसांचे वेतन, अशी तिची मांडणी आहे. संचार निगमाच्या २०१९ च्या योजनेत हीच पद्धत घेतली होती.

या सूत्रांतील फरक दिसतो तेवढा किरकोळ नाही. पहिली दोन सूत्रे फक्त मागे पाहतात. ज्याची सेवा जास्त त्याला रक्कम जास्त. म्हणजे ज्याच्या जाण्याने संस्थेचे वेतन थोडेच वाचणार आहे त्याला सर्वांत मोठी रक्कम. गुजरात पद्धत थोडी पुढेही पाहते, आणि ज्याची बरीच वर्षे उरली आहेत त्यालाही काही देते. तरीही तिचा कल जुन्या माणसाकडेच आहे. उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

समजा, एका संस्थेत निवृत्तीचे वय ६० आहे. तिच्यातील तीन कर्मचाऱ्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून दरमहा ६०,००० रुपये आहेत. महिना ३० दिवसांचा धरला तर दिवसाचे वेतन २,००० रुपये होते.

पहिला कर्मचारी ५२ वर्षांचा आहे. सेवा २८ वर्षे झाली असून ८ वर्षे राहिली आहेत. गुजरात पद्धतीने झालेल्या सेवेचे ९८० दिवस व राहिलेल्या सेवेचे २०० दिवस, एकूण १,१८० दिवसांचे वेतन म्हणजे २३ लाख ६० हजार रुपये होतात. तो राहिला असता तर आठ वर्षांत त्याला ५७ लाख ६० हजार द्यावे लागले असते. म्हणजे उर्वरित वेतनाच्या ४१ टक्के रकमेत संस्था त्याची जागा मोकळी करून घेते.

दुसरा ५७ वर्षांचा आहे. सेवा ३४ वर्षे, राहिलेली ३ वर्षे. त्याचे दिवस १,१९० अधिक ७५, म्हणजे १,२६५ होतात आणि रक्कम २५ लाख ३० हजार. मात्र तीन वर्षांचे त्याचे वेतनच २१ लाख ६० हजार आहे. कमाल मर्यादेचे कलम नसेल तर काम करून मिळाले असते त्याहून अधिक पैसे त्याला घरी बसून मिळतील. मर्यादा असेल तर २१ लाख ६० हजार मिळतील. पण तेव्हाही संस्थेचा एक पैसा वाचत नाही. तीन वर्षांचे वेतन ती एकरकमी आगाऊ देते, एवढेच.

तिसरा ४३ वर्षांचा आहे. सेवा १८ वर्षे, राहिलेली १७ वर्षे. त्याचे १,०५५ दिवस होतात आणि रक्कम २१ लाख १० हजार. उर्वरित सेवेचे वेतन मात्र १ कोटी २२ लाख ४० हजार आहे. कागदावर पाहिले तर हा सर्वांत स्वस्त सौदा आहे, कारण सतरा टक्क्यांत जागा मोकळी होते. हिशेबनीस येथे खूश होतो. हा तिसरा कर्मचारी कोण असू शकेल, याकडे पुढे वळू.

निवृत्तिवेतन कोणाच्या तिजोरीतून जाते?

वरील हिशेबात एक मोठा खर्च अद्याप आलेला नाही. पहिल्या कर्मचाऱ्यास जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन लागू आहे आणि ते महागाई वाढीसह दरमहा ३०,००० रुपये बसते असे समजू. तो आज गेला तर हे निवृत्तिवेतन आठ वर्षे आधी सुरू होते. आठ वर्षांत २८ लाख ८० हजार रुपये. सानुग्रह रकमेसह बेरीज ५२ लाख ४० हजार होते. त्याला ठेवण्याचा खर्च होता ५७ लाख ६० हजार. बचत उरली ती आठ वर्षांत ५ लाख २० हजारांची.

हाच हिशेब कर्मचाऱ्याच्या बाजूने पाहिला म्हणजे संचार निगमात एवढी रीघ का लागली ते उमगते. काम न करता नव्वद टक्क्यांहून अधिक पैसे मिळणार असतील, आणि त्यांतील मोठा भाग आरंभीच हाती येणार असेल, तर कोण थांबेल? निगमाला हा व्यवहार परवडला याचे एक कारण असे की, जुन्या दूरसंचार खात्यातून निगमात सामावलेल्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन भारत सरकार देते. वेतनाची बचत निगमाच्या खात्यात आणि निवृत्तिवेतनाचा भार केंद्राच्या तिजोरीवर, अशी विभागणी तेथे होती. शिवाय सानुग्रह रकमेसाठीही केंद्राने तरतूद केली होती. ज्या नगरपरिषदेला किंवा मंडळाला वेतन व निवृत्तिवेतन दोन्ही एकाच तिजोरीतून द्यावयाचे आहे, तिने निगमाचे सूत्र उचलून आपल्याकडे लावले तर हिशेब पार बदलतो.

किती महिन्यांत पैसे भरून निघतात, हे पाहण्याची सोपी रीत आहे. सानुग्रह रकमेला दरमहाच्या खऱ्या बचतीने भागावे. पहिल्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत निवृत्तिवेतन वेगळ्या तिजोरीतून जात असेल तर बचत दरमहा ६०,००० रुपये, आणि २३ लाख ६० हजार रुपये सव्वातीन वर्षांत भरून निघतात. निवृत्तिवेतन आपल्याच तिजोरीतून जात असेल तर बचत ३०,००० वर येते आणि सुमारे साडेसहा वर्षे लागतात. आता त्याच जागेवर दरमहा १८,००० रुपये देऊन कंत्राटी माणूस घेतला, तर बचत राहते १२,००० रुपये. आठ वर्षांत साडेअकरा लाख. दिलेली रक्कम कधीच भरून निघत नाही. जागा खरोखर रद्द होणार नसेल तर स्वेच्छानिवृत्ती देऊ नये, असा जो नियम अनुभवी लेखाधिकारी सांगतात त्याचे मर्म या भागाकारात आहे. प्राप्तिकराची सवलतही याच तत्त्वावर उभी आहे. योजनेतील पाच लाख रुपयांपर्यंतची रक्कम करमुक्त राहण्यासाठी घातलेल्या अटींत, कर्मचारीसंख्येत प्रत्यक्ष घट व्हावी, रिकामी जागा पुन्हा भरू नये आणि गेलेल्या कर्मचाऱ्यास त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या संस्थेत घेऊ नये, या अटी प्रमुख आहेत.

पात्रतेची वरची सीमा

पात्रता ठरवताना खालची सीमा सगळेच ठरवतात. चाळीस वर्षे वय किंवा दहा वर्षे सेवा ही करसवलतीच्या नियमातील परिचित मर्यादा. सार्वजनिक बँकांच्या २००० सालच्या योजनेत चाळीस वर्षे वय किंवा पंधरा वर्षे सेवा. संचार निगमात पन्नास वर्षे वय. वरची सीमा मात्र बहुधा राहून जाते. ज्यांची दोन-तीन वर्षेच उरली आहेत ते आपोआप जाणारच आहेत. त्यांना योजनेत घेणे म्हणजे काळ जे फुकट देणार आहे ते पैसे देऊन विकत घेणे होय. म्हणून किमान तीन वर्षे सेवा शिल्लक असावी, अशी अट घालणे हिताचे ठरते. ही अट कर्मचारी संघटनांना पटवणे कठीण जाते, हे मान्य केले पाहिजे. चौतीस वर्षे राबलेल्या माणसाला वगळून त्याच्या कनिष्ठाला रक्कम द्यावयाची, हे कोणालाही अन्यायाचे वाटेल. वगळणे शक्यच नसेल तर दुसरा उपाय आहे. सानुग्रह रक्कम आणि उर्वरित काळातील निवृत्तिवेतन यांची बेरीज उर्वरित वेतनाच्या विशिष्ट टक्केवारीपलीकडे जाऊ नये, अशी मर्यादा घालावी. वरील दुसऱ्या कर्मचाऱ्याचे तीन वर्षांचे निवृत्तिवेतन १० लाख ८० हजार धरले आणि बेरजेची मर्यादा शंभर टक्के ठेवली, तर त्याला सानुग्रह म्हणून २१ लाख ६० हजार नव्हे, तर १० लाख ८० हजारच मिळतील.

सीमा ठरवण्यापूर्वी एक तक्ता तयार करणे मात्र अनिवार्य आहे. त्यात कर्मचाऱ्यांचे वय नव्हे, तर प्रत्येक विभागातून येत्या पाच वर्षांत दरवर्षी किती माणसे नियमाने निवृत्त होणार, हे मांडावे. पुष्कळदा या तक्त्यानेच निम्मा प्रश्न सुटतो.

कोण जातो?

आता तिसऱ्या कर्मचाऱ्याकडे वळू. तो बहुधा नव्या अंशदायी निवृत्तिवेतन योजनेतला आहे. बाहेर पडल्याबरोबर सुरू होणारे जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन त्याला नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी घर चालवावयाचे आहे, मुले शाळेत आहेत. एकवीस लाखांवर सतरा वर्षे निघणार नाहीत, हे त्याला कळते. तेव्हा अर्ज कोण करील? ज्याला बाहेर नोकरी किंवा धंदा खात्रीने मिळणार आहे, तोच. म्हणजे ज्याच्या हातात बाजारात मोल असलेले कसब आहे, तो उत्तम वीजतंत्री, संगणक सांभाळणारा अभियंता, निविदा व हिशेब जाणणारा अधिकारी. ज्याच्या कसबाला बाहेर गिऱ्हाईक नाही तो जागेवर बसून राहतो. सर्वांना सारखी रक्कम देऊ करणारी योजना अशी आपोआपच चांगल्या माणसांना वेचून बाहेर काढते. त्यात कोणाचा दोष नसतो; माणूस आपले हित पाहतो.

सार्वजनिक बँकांना हा अनुभव आला. त्यांच्या २००० सालच्या योजनेत वर्षाला ६० दिवसांचे वेतन देऊ केले होते आणि सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. कारकुनांची संख्या कमी व्हावी अशी अपेक्षा असताना, गेलेल्यांत अधिकाऱ्यांचे प्रमाण मोठे निघाले. बँकांच्या योजनेत, सेवाबंध पूर्ण न केलेल्या तज्ज्ञ अधिकाऱ्यांना आणि शिस्तभंगाची कारवाई सुरू असलेल्यांना अपात्र ठरवले होते. पण कर्ज तपासण्याचा वीस वर्षांचा अनुभव असलेला शाखाधिकारी कागदोपत्री ‘तज्ज्ञ’ नसतो. तो साधा अधिकारी असतो, आणि म्हणून पात्र ठरतो. संचार निगमात जाणाऱ्यांची तारीख सर्वांना एकच ठेवल्यामुळे जमिनीखालच्या तारांचे सांधे कोठे आहेत हे जाणणारे जुने लाइनमन व त्यांच्याकडून शिकू शकले असते असे कनिष्ठ, यांना एकत्र काम करण्यास सवडच राहिली नाही. दुरुस्तीची कामे पुढे कंत्राटदारांकडे गेली.

पाणीपुरवठ्याचे एक उदाहरण

कसब जपण्याची रचना कशी करावी, यासाठी एका मध्यम शहराच्या पाणीपुरवठा विभागाचे कल्पित उदाहरण घेऊ. विभागात १२० कर्मचारी आहेत. त्यांत पंपचालक २४, जलशुद्धीकरण केंद्रावर १६, व्हॉल्वमन १८, वीजतंत्री व फिटर १४, मीटरवाचक २२ आणि कार्यालयात २६. यांपैकी ६६ जणांनी पन्नाशी ओलांडली आहे. व्हॉल्वमनपैकी तर अठरांत तेरा जण पन्नाशीपुढचे आहेत.

या विभागाला खरोखर किती जागा नको आहेत? नवे मीटर बसल्यावर मीटरवाचकांच्या १२, देयके संगणकावर आल्यावर कार्यालयातील ८ आणि पंपांवर स्वयंचलित पॅनेल बसल्यामुळे पंपचालकांच्या ५, अशा २५ जागा. या तीन गटांतून तीन वर्षांत ९ जण नियमाने निवृत्त होणार आहेत. उरल्या १६. योजना हवी आहे ती या सोळा जागांसाठी. पहिल्या कर्मचाऱ्याची रक्कम सरासरी मानली तर खर्च पावणेचार कोटींच्या थोडा वर जातो. याउलट पन्नाशीपुढील सर्वांना योजना खुली केली आणि ४० जणांनी अर्ज केले तर साडेनऊ कोटींची तरतूद लागेल, आणि त्या चाळिसांत नऊ व्हॉल्वमन व सहा फिटर असू शकतील.

व्हॉल्वमन हे पद वेतनश्रेणीत खालचे आहे. शिक्षणाची अटही माफक. त्यामुळे ‘महत्त्वाची पदे’ म्हणून जी यादी तयार होते तिच्यात अभियंते असतात, व्हॉल्वमन नसतो. परंतु जुन्या शहरातील जलवाहिन्यांचे नकाशे अपुरे असतात. कोणता व्हॉल्व रस्त्याच्या डांबराखाली गाडला गेला आहे, कोणता उलट्या आट्यांचा आहे, उंचावरच्या वस्तीला दाब मिळावा म्हणून खालच्या भागाचा व्हॉल्व किती फेरे बंद ठेवावा लागतो, रिकामी नलिका भरताना हवा कोठून सोडावी, हे ज्ञान त्या माणसाच्या डोक्यात व हातात असते. तसेच शुद्धीकरण केंद्रावर पावसाळ्याच्या पहिल्या पुराचे गढूळ पाणी आले की तुरटीची मात्रा किती वाढवावी, हे जार चाचणीने ठरते खरे. पण चाचणीचा निकाल येण्याआधी पाण्याचा रंग पाहून तयारीला लागणारा जुना चालक केंद्राला आवश्यक असतो.

म्हणून योजना जाहीर करण्यापूर्वी नावांची नव्हे, पदांची तपासणी करावी. प्रत्येक पदाबद्दल तीन गोष्टी विचाराव्यात. हे काम आज आणखी किती जण करू शकतात? नव्या माणसाला ते शिकण्यास किती महिने लागतील? आणि हा माणूस न सांगता आठवडाभर आला नाही तर काय बंद पडेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कार्यालयात मिळत नाही. ते मागच्या दोन वर्षांच्या रजेच्या नोंदी आणि त्याच तारखांची तक्रार नोंदवही शेजारी ठेवून मिळते. ज्याच्या रजेच्या दिवसांत एखाद्या भागातील ‘पाणी आले नाही’ च्या तक्रारी वाढल्या, तो माणूस महत्त्वाचा. त्याची श्रेणी कोणतीही असो.

अशी तपासणी झाली की प्रत्येक गटाची कमाल संख्या ठरवून ती योजनेच्या मजकुरातच छापावी. आपल्या उदाहरणात मीटरवाचक व कार्यालय यांना बहुतेक जागा द्याव्यात, पंपचालकांना थोड्या. शुद्धीकरण केंद्र, वीजतंत्री व फिटर यांना या फेरीत एकही नको. व्हॉल्वमनांचे काय? त्यांची जागा रद्द व्हावयाची नाही, म्हणून काटेकोरपणे पाहता त्यांना योजना लागू करू नये. पण साठीजवळ आलेल्या, गुडघे गेलेल्या माणसाला रात्री दोन वाजता खड्ड्यात उतरवणे हेही योग्य नव्हे. तेव्हा वर्षाला दोन याप्रमाणे, कनिष्ठ तयार झाल्यानंतरच त्यांना मुक्त करण्याची तरतूद वेगळ्या कलमात करता येते. त्यांच्या जागी कायम माणूस भरावा लागणार असल्याने येथे बचतीचा दावा करू नये आणि करसवलत मिळेल असेही सांगू नये.

कनिष्ठ तयार झाला हे कसे ओळखावे? ‘कार्यभार सोपवला’ असा सहीचा कागद पुरेसा नाही. ज्येष्ठ व्हॉल्वमनाने कनिष्ठासह आपल्या भागातील प्रत्येक व्हॉल्वपर्यंत चालत जावे, त्यावर रंगाने क्रमांक घालावा, नकाशावर खूण करावी आणि फेऱ्यांची संख्या नोंदवावी. त्यानंतर एक महिना कनिष्ठाने एकट्याने पाळी सांभाळावी. या महिन्यात निदान एकदा मुख्य वाहिनी बंद करून पुन्हा भरण्याचा प्रसंग आला पाहिजे. आला नाही तर मुद्दाम आणावा. तक्रार नोंदवहीत त्या भागाच्या तक्रारी पूर्वीच्या पातळीवर राहिल्या तर हस्तांतरण झाले असे समजावे. सानुग्रह रकमेचा निम्मा भाग जाताना व निम्मा या कसोटीनंतर द्यावा. उपदान व इतर हक्काची देणी मात्र अशा कोणत्याही अटीला बांधू नयेत. ती अडवणे कायद्यात बसणार नाही.

अर्ज, स्वीकृती आणि माघार

योजनेच्या कायदेशीर बाजूत सर्वाधिक वाद माघारीवरून होतात. बँकांच्या योजनेत एकदा केलेला अर्ज मागे घेता येणार नाही, असे कलम होते. अनेकांनी अर्ज केले, नंतर विचार बदलला आणि बँकांनी माघार नाकारली. बँक ऑफ इंडिया विरुद्ध ओ. पी. स्वर्णकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये असा निर्णय दिला की, अशी योजना म्हणजे प्रस्ताव नसून प्रस्ताव करण्याचे निमंत्रण आहे. प्रस्ताव करतो तो कर्मचारी, आणि बँकेने तो स्वीकारण्यापूर्वी त्याला तो मागे घेता येतो. मात्र योजनेची रक्कम घेऊन तिचा लाभ उचललेल्यांना हा मार्ग खुला राहिला नाही. योजनेचा मसुदा जसा असेल त्याप्रमाणे हे संबंध बदलू शकतात. म्हणून मसुदा लिहितानाच माघारीची शेवटची तारीख, स्वीकृती लेखी कळवण्याची तारीख आणि प्रत्यक्ष मुक्त होण्याची तारीख या तीन तारखा वेगवेगळ्या व स्पष्ट लिहाव्यात.

संस्थेच्या दृष्टीने माघारीची मुभा तोट्याची नाही. घाईने अर्ज करून पस्तावलेला माणूस न्यायालयात जातो, आणि निकाल लागेपर्यंत त्याची जागा ना रिकामी ना भरलेली अशी राहते. त्याउलट मुदत संपण्यापूर्वी किती जणांनी अर्ज मागे घेतले, कोणत्या गटातून घेतले, हे पाहिले तर रकमेबद्दल लोकांना काय वाटते ते उघड होते.

नकार देण्याचा अधिकार संस्थेने राखलाच पाहिजे, पण त्याची कारणेही आधी जाहीर असावीत. गटाची मर्यादा भरली, शिस्तभंगाची चौकशी चालू आहे, पद वगळलेल्या यादीत आहे, एवढी कारणे पुरेत. मर्यादेपेक्षा अर्ज अधिक आले तर कोणाला प्राधान्य द्यावयाचे, याचा क्रमही छापावा. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या प्रमाणपत्राने गंभीर आजार सिद्ध झालेले प्रथम आणि नंतर उर्वरित सेवा अधिक असलेले, हा एक उपयुक्त क्रम आहे. ‘प्रशासकीय सोय’ असे मोघम कारण देऊन चांगल्या कामगाराला थांबवले, की त्याचा अर्थ त्याच्यापुरता एवढाच होतो : कामात कसूर केली असती तर पैसे घेऊन सुटलो असतो. अशा थांबवलेल्या माणसाला वेगळा लाभ देण्याची सोय असावी. कनिष्ठाला शिकवण्याच्या काळात मासिक भत्ता, किंवा दोन वर्षांनंतर त्याच सूत्राने जाण्याची लेखी हमी, यांपैकी एक तरी द्यावे. ही हमी देताना वेतन त्या वेळचे धरणार की आजचे, हे लिहावयास विसरू नये. दोन वर्षांतील महागाई भत्त्याच्या वाढीने रकमेत चांगलाच फरक पडतो, आणि पुढचे सर्व तंटे त्या एका न लिहिलेल्या ओळीवरून होतात.